बेडच्या रेंडरमध्ये लिननच्या घड्या दिसत नाहीत आणि उशा तरंगतात: नेमकं कुठे बिघडतं

गेली काही वर्षं मी मुंबईतल्या इंटिरियर डिझायनर्ससाठी घरांची रेंडर्स करते. बेडरूमचं काम आलं की एक तक्रार हमखास येते. मुलुंडच्या एका फ्लॅटच्या वेळी डिझायनर साइटवरूनच फोनवर म्हणाली, "ताई, भिंत, फरशी, पडदे सगळं खरं वाटतंय. पण बेडवर कुणीतरी ओलं प्लास्टिक टाकल्यासारखं दिसतंय. क्लायंटने लिनन निवडलंय, ते लिनन कुठाय?" तिचं म्हणणं बरोबर होतं. चादरीला मऊ लाटा होत्या, पण इस्त्री करून घडी घातलेल्या लिननची ती करकरीत रेघ एकही नव्हती. उशा एकमेकींना टेकलेल्या वाटत नव्हत्या आणि हेडबोर्ड फोमच्या ठोकळ्यासारखा उभा होता.

हीच तक्रार दर दोन-तीन कामांनंतर परत यायची. मी दर वेळी कपड्याची सेटिंग्ज चाचपत बसायचे आणि दर वेळी थोडंफार सुधारून पुढे जायचे. मुलुंडच्या कामात मी पहिल्यांदा थांबून कारणं एकेक करून वेगळी केली. तेच इथे सविस्तर लिहिते. मी ब्लेंडर आणि सायकल्स वापरते, त्यामुळे सेटिंग्जची नावं तिथली आहेत. कारणं मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हीच असतात.

आधी ठरवा: घडी नाहीच आहे, की आहे पण दिसत नाही?

या दोन अगदी वेगळ्या अडचणी आहेत आणि बहुतेक वेळ चुकीच्या बाजूने शोधण्यात जातो. चाचणी पाच मिनिटांची आहे. View Layer मधल्या Override मध्ये साधं करडं मटेरियल द्या, सीनमधले सगळे दिवे बंद करा आणि एकच Sun असा लावा की त्याचा प्रकाश गादीच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल. म्हणजे तो उभ्या दिशेपासून साधारण 80 अंश कललेला हवा. Denoise बंद ठेवून फक्त बेडपुरता तुकडा रेंडर करा.

अशा तिरक्या उन्हात एक-दोन मिलिमीटरचा उंचवटासुद्धा सावली टाकतो. इथे घड्या स्पष्ट दिसल्या तर मेश ठीक आहे, दोष दिव्यांत किंवा डीनॉइझरमध्ये आहे. इथेही चादर गुळगुळीत दिसली तर मेशमध्ये घडी नाहीच, मग दिवे कितीही हलवले तरी ती उगवणार नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा: मटेरियल बदलल्यामुळे त्यातलं बंप आणि डिस्प्लेसमेंटही या चाचणीत निघून जातं. तुमच्या घड्या मटेरियलमधून येत असतील तर चादरीचं मूळ मटेरियल ठेवा आणि त्याचा रंग तेवढा करडा करा.

माझ्या सीनमध्ये तिरक्या उन्हातही चादर गुळगुळीतच निघाली.

सिम्युलेशन लाट देतं, घडी देत नाही

हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मंगलदास मार्केटमधून मी पांढऱ्या लिननचा एक मीटर तुकडा आणला, घरी इस्त्री करून चौपदरी घडी घातली आणि रात्रभर वजनाखाली ठेवला. सकाळी तो गादीवर उलगडला आणि खिडकीच्या उजेडात पाहिला. कपड्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसत होत्या. गादीच्या कडेवरून खाली उतरताना पडलेल्या मोठ्या लाटा वजनामुळे आणि आकारामुळे आल्या होत्या. त्यांच्यावरून सरळ जाणाऱ्या बारीक, टोकदार रेषा घडीच्या होत्या. जवसाच्या झाडापासून काढलेला लिननचा तंतू फारसा ताणत नाही आणि एकदा मुडपला की पूर्ववत सरळ होत नाही. रेषा उरते ती त्यामुळेच.

क्लॉथ सिम्युलेशन कापडाला स्प्रिंगांचं जाळं मानतं. स्प्रिंग वाकवली की परत येते, तिला आठवण नसते. त्यामुळे लाट मिळते, घडी मिळत नाही. Bending वाढवून पाहिलं तर लाटा मोठ्या आणि ताठ होतात, कमी केलं तर रेशमासारख्या लोळतात. घडीची रेघ दोन्हीकडे येत नाही.

"मग मेश बारीक करू" हा पुढचा विचार येतो. त्याचं गणित मांडून बघा. माझी चादर 2.2 मीटर बाय 2.4 मीटर होती आणि घडीची रेघ साधारण 4 मिलिमीटर रुंद. ती रेघ मेशमध्ये टिकायची तर कडांची लांबी 2 मिलिमीटरच्या आसपास हवी. म्हणजे 1,100 गुणिले 1,200, सुमारे 13 लाख बिंदू. एवढं सिम्युलेशन माझ्या मशीनवर कामाचं नाही. शिवाय ब्लेंडरमध्ये Vertex Mass हे प्रत्येक बिंदूचं वजन आहे. बिंदू वाढवले आणि वजन तेच ठेवलं की चादर एकूण जड होते आणि रबरासारखी खाली लोंबते. "मेश दाट केली आणि कापड आणखीच बिघडलं" असं अनेकजण म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे.

म्हणून मी काम दोन भागांत तोडते. लाटा सिम्युलेशनमधून घ्यायच्या, त्यासाठी 1 सेंटिमीटरची जाळी पुरते. 220 गुणिले 240 म्हणजे जेमतेम 53 हजार बिंदू. Cotton प्रिसेटपासून सुरुवात करायची, Quality Steps 5 वरून 10 किंवा 12 वर न्यायचे. Shrinking Factor ला -0.03 द्यायचं. उणे आकड्याने कापड किंचित वाढतं, गादीवर थोडं जास्तीचं कापड उरतं आणि त्यातून खऱ्या चादरीसारख्या चुण्या पडतात. त्यानंतर मॉडिफायर Apply करून आकार गोठवायचा. यावर Subdivision एकच पायरी ठेवा. दोन-तीन पायऱ्या दिल्या की सिम्युलेशनने मुश्किलीने दिलेली प्रत्येक टोकदार चुणी गोल होते.

घडीच्या रेषा हाताने काढायच्या, पण दिशा चुकवू नका

घड्या मी एका चित्रात काढते. त्यासाठी चादर सपाट असतानाच, म्हणजे सिम्युलेशनच्या आधी, तिचं UV उलगडून ठेवायला हवं. नंतर उलगडलं तर लाटांमुळे रेषा वाकड्या येतात आणि घडी घडी वाटत नाही. चित्र 4096 पिक्सेलचं घेतलं तर 2.4 मीटरला एक पिक्सेल साधारण 0.6 मिलिमीटर पडतो, म्हणजे 4 मिलिमीटरच्या रेघेला सात पिक्सेल मिळतात. तेवढे पुरतात. पार्श्वभूमी मधल्या करड्या रंगाची, उंचवटा पांढरा, खोलगट भाग काळा, आणि रेघेच्या दोन्ही बाजू हलक्याशा विरत गेलेल्या.

माझी पहिली चादर इथे फसली होती. मी सगळ्या रेषा वर आलेल्या काढल्या आणि बेडवर टाइल्स बसवल्यासारखं दिसू लागलं. वर्तमानपत्राचं एक पान घेऊन घडी घाला आणि उलगडा, मग कारण कळेल. अर्धं दुमडून परत त्याच दिशेने अर्धं केलं की तीन समांतर रेषा पडतात: मधली आत गेलेली, बाजूच्या दोघींपैकी एक आत आणि एक वर. आता आडवं दुमडलं तर कागदाचे चार थर एकदम मुडपतात. उलगडल्यावर दिसतं की ही आडवी रेष प्रत्येक उभी रेष ओलांडताना दिशा बदलते: एका चौकटीत वर, पुढच्या चौकटीत खाली. डोळा हे नियम सांगू शकत नाही, पण चुकलं की त्याला खुपतं. तेच पान समोर ठेवून मी चित्र काढते.

सगळ्या चादरीवर रेषा सारख्याच ठळक नकोत. गादीच्या सपाट भागावर त्या पूर्ण ठेवायच्या. कापड कडेवरून खाली लटकतं तिथे स्वतःच्या वजनाने ताणलं जातं, तिथे निम्म्यावर आणायच्या. उशीखाली दबलेल्या जागी जवळजवळ पुसून टाकायच्या.

हे चित्र जोडताना दोन चुका वारंवार होतात. Color Space हा sRGB वर राहून जातो. तसं झालं की 0.5 चा करडा रंग 0.21 असा वाचला जातो आणि वर येणाऱ्या रेषा खाली जाणाऱ्यांच्या कितीतरी पट उंच होतात. तो Non-Color करा, Displacement नोडमध्ये Midlevel 0.5 ठेवा आणि Scale 0.004 पासून सुरू करा. सीन मीटरमध्ये असेल तर वर 2 मिलिमीटर आणि खाली 2 मिलिमीटर मिळतात. 1 सेंटिमीटरच्या जाळीत 4 मिलिमीटरची रेघ खरी उठू शकत नाही, म्हणून मटेरियलच्या सेटिंगमध्ये Bump Only ठेवा; उंचवटा मग फक्त उजेड-सावलीतून भासतो. दुसरी चूक म्हणजे 8 बिटची फाइल. विरत जाणाऱ्या कडेला तिच्यात पायऱ्या पडतात आणि तिरक्या उजेडात त्या आडव्या पट्ट्यांसारख्या दिसतात. 16 बिटमध्ये सेव्ह करा.

उशा का तरंगतात

उशांचं कारण बघायला गेलं तर फारच साधं आहे, पण कित्येक महिने माझ्या लक्षात आलं नव्हतं. ब्लेंडरमध्ये कापडाचं Collisions मधलं Distance मुळात 0.015 मीटर असतं. ज्यावर ते पडतं त्या वस्तूच्या Collision मध्ये Thickness Outer 0.02 असतं. दोन्ही मिळून साडेतीन सेंटिमीटर होतात. 16 इंचांच्या, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या उशीखाली एवढी फट राहिली तर तिच्या बुडाशी सावली गडद होतच नाही आणि उशी हवेत असल्यासारखी वाटते. दोन्ही आकडे मी 2-3 मिलिमीटरवर आणते. बेडवर वस्तू बऱ्याच असल्या की एकेक उघडून बदलत बसण्याऐवजी सगळ्या निवडून हे चालवते:

```python
import bpy
for ob in bpy.context.selected_objects:
    for m in ob.modifiers:
        if m.type == 'CLOTH':
            m.collision_settings.distance_min = 0.003
        elif m.type == 'COLLISION':
            m.settings.thickness_outer = 0.002
```

अंतर कमी केलं की कापड वस्तूच्या आरपार जाण्याचा धोका वाढतो, म्हणून Collisions मधली Quality 2 वरून 5 वर न्या. Self Collisions चालू करत असाल तर तिथलं अंतरही जाळीच्या कडेपेक्षा कमी हवं. 1 सेंटिमीटरच्या जाळीला 1.5 सेंटिमीटरचं अंतर दिलं तर कापडाचे शेजारचे भाग एकमेकांना ढकलत राहतात आणि उशी थरथरते. आणि हे सगळं करण्याआधी प्रत्येक वस्तूवर Ctrl+A दाबून Scale लागू करा. ते राहिलं असेल तर वरचे आकडे जागेवर नसतात.

उशी फुग्यासारखी दिसण्याचं कारण मला परळच्या एका गादीवाल्या काकांनी समजावलं. ते म्हणाले, "अभ्रा सोळाचा असेल तर आतली उशी अठराची घालायची. म्हणजे कोपरे भरतात आणि शिवणीला चुण्या पडतात." फुगा आणि उशी यांत फरक शिवणीचा आहे. मधला भाग फुगतो, तशी शिवणीची कड आत ओढली जाते आणि तिथलं कापड आखडून बारीक चुण्या पडतात. म्हणून मी दोन सपाट चौकोन कडेला जोडून, शिवणीजवळ जाळी दाट ठेवून Pressure ने फुगवते. त्या वेळी Field Weights मध्ये Gravity शून्य करते. Pressure हळूहळू वाढवायचं आणि शिवणीला चुण्या दिसू लागल्या की थांबायचं. त्यापुढे गेलात तर चुण्या परत ताणून सपाट होतात आणि फुगा होतो. मग आकार गोठवून शिवणीवर पायपिंगची बारीक नळी बसवते.

रचताना मागून पुढे जाते: आधी गादी आणि चादर, मग झोपायच्या दोन-दोन उशा हेडबोर्डला टेकवून, मग मोठी कुशन्स, शेवटी लहान. प्रत्येक थर बसला की गोठवायचा आणि मगच पुढचा टाकायचा. सगळ्या एकदम सोडल्या तर त्या एकमेकींना ढकलून बेडवरून खाली जातात. पुढच्या कुशनला 20 फ्रेम्समध्ये मागच्या उशीवर हळूच दाबत नेलं की मागच्या उशीत खळगा पडतो. माझ्या मते रचलेल्या उशा खऱ्या वाटतात त्या या खळग्यामुळे, कापडाच्या टेक्स्चरमुळे नव्हे. वेळ कमी असेल तेव्हा मी टेक्स्चर सोडते, खळगा सोडत नाही.

हेडबोर्ड

मुलुंडचा हेडबोर्ड 5 फूट रुंद, 4 फूट उंच, 6 इंचांच्या दहा उभ्या पट्ट्यांचा होता. मी एक पट्टी बनवून Array ने दहा वेळा उमटवली होती. म्हणूनच तो ठोकळा दिसत होता. प्रत्येक पट्टीवर तोच प्रकाश, तीच सावली.

कारागीर प्रत्येक खाचेत कापड ओढून ठोकतो, म्हणून ताण खाचेच्या टोकांशी जमतो आणि तिथून छोट्या चुण्या पसरतात. ते मिळवायला मी दहाही पट्ट्यांचं एकच सलग जाळं घेते, खाचांचे बिंदू Pin Group मध्ये धरते, Shrinking Factor -0.02 आणि थोडंसं Pressure देते, Gravity शून्य. 40 फ्रेम्समध्ये पट्ट्या फुगतात. खाचांचे बिंदू आधीच एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे हलवून ठेवले की दहाही पट्ट्या वेगवेगळ्या येतात.

एक बारीक गोष्ट इथेच सांगते. सोफ्या-हेडबोर्डचं कापड बाजारात बहुधा 54 इंच पन्ह्याचं मिळतं. 5 फुटांचा हेडबोर्ड म्हणजे 60 इंच, शिवाय पट्ट्यांच्या फुगवट्यात आणखी कापड जातं. त्यामुळे उभ्या विणीचं कापड एका तुकड्यात बसतच नाही, जोड येतो. पट्ट्यांच्या हेडबोर्डमध्ये तो खाचेत लपतो. सपाट हेडबोर्डमध्ये मात्र एकतर जोड दाखवा, नाहीतर कापड आडवं फिरवा. मखमल आडवी फिरवली तर तिच्या लवेची दिशा बदलते आणि उजेडात रंग वेगळा दिसतो, म्हणून डिझायनरला हे आधी विचारून घ्या.

घडी आहे, पण रेंडरमध्ये पुसली जाते

एवढं केल्यावर माझी तिरक्या उन्हाची चाचणी उत्तम आली, पण अंतिम रेंडरमध्ये घड्या पुन्हा नाहीशा. उजेड वाढावा म्हणून कॅमेऱ्याच्या मागे मी एक मोठा Area दिवा लावला होता. समोरून येणारा प्रकाश उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच उजळतो, मग सावली पडणार कुठून? तो दिवा काढला आणि छताचे डाउनलाइट निम्मे केले. मुंबईच्या बेडरूममध्ये बहुधा एकाच भिंतीला खिडकी असते, आणि बेडसाठी ती सोय आहे. डाव्या स्लायडिंग खिडकीत 4 बाय 4 फुटांचा एकच दिवा ठेवला. तो बेडच्या उंचीच्या जरासा वर असल्यामुळे उजेड चादरीला घासून गेला आणि घड्या उठल्या. उजवी बाजू काळवंडू लागली तेव्हा दिवा न वाढवता त्या बाजूचा पडदा फिकट केला.

उरलेला दोष डीनॉइझरचा होता. 1920 पिक्सेलच्या चित्रात साधारण तीन मीटरचा भाग दिसत असेल तर एक पिक्सेल दीड मिलिमीटरचा होतो. 4 मिलिमीटरची घडी जेमतेम अडीच पिक्सेल. सॅम्पल्स कमी असले की डीनॉइझर तिला नॉइझ समजून पुसतो. चित्र 3840 पिक्सेलचं केलं, सॅम्पल्स वाढवले आणि Passes मध्ये Albedo and Normal ठेवलं, मग रेषा टिकल्या. तुमच्याकडेही हाच दोष आहे का ते बघायला बेडचा छोटा तुकडा Denoise बंद करून आणि चालू करून रेंडर करा. बंद असताना दिसणारी घडी चालू केल्यावर जात असेल तर उत्तर मिळालं.

याच हिशेबाने लिननच्या विणीचाही प्रश्न सुटतो. धागा मिलिमीटरहून बारीक असतो, त्यामुळे पूर्ण खोलीच्या दृश्यात वीण दिसूच शकत नाही. तिचं बंप तिथे नुसता कचकचाट करतं. मी ते फक्त जवळच्या दृश्यासाठी ठेवते. दूरच्या दृश्यात Roughness 0.85 च्या आसपास आणि अगदी थोडं Sheen पुरतं.

मुलुंडचं रेंडर तिसऱ्या दिवशी गेलं. डिझायनरने एकच बदल सुचवला: पायथ्याशी टाकलेल्या दोहरीखालूनही चादरीची घडी तेवढीच उठून दिसत होती, ती कमी करायची. जाड दोहर खालची घडी दाबते, हे माझ्याकडून सुटलं होतं. चित्रात तेवढा पट्टा करड्या रंगाने पुसला आणि तो तुकडा पुन्हा रेंडर केला.